रस्त्यावर ऐकलेल्या धुनेचे नाव कसे शोधावे: दहा स्वरांच्या आठवणीवरून

रस्त्यावर व्हायोलिन किंवा बासरी वाजवणाऱ्याची धून कानावर पडते, आपण पुढे निघून जातो आणि नंतर तिचा एक लहानसा तुकडा मनात फिरत राहतो. शब्द नसल्यामुळे नेहमीच्या पद्धतीने शोध घेता येत नाही. ध्वनिमुद्रण ओळखणारी शाझामसारखी अ‍ॅपही येथे निरुपयोगी ठरतात, कारण ती एका विशिष्ट मुद्रणाचा ठसा ताडून पाहतात. त्यांना चाल कळत नाही, त्यामुळे आपण गुणगुणून दाखवले तर ती गप्प बसतात. वादक अजून तिथेच असेल, तर त्याच्या पेटीत दोन नाणी टाकून नाव विचारावे, हा सर्वांत जलद मार्ग आहे. तो निघून गेला असेल, तर आठवणीतल्या तुकड्याला असे रूप द्यावे लागते, की कोणाला ऐकवून किंवा कुठे टंकून तो शोधता येईल. या लेखात ते काम टप्प्याटप्प्याने केले आहे आणि त्यासाठी एकच उदाहरण अखेरपर्यंत नेले आहे.

समजा, व्हिएन्नातील ग्राबेन या पादचारी रस्त्यावरून जाताना एकट्या व्हायोलिनवर एक घाईची, काहीशी अस्वस्थ चाल ऐकू आली. ऐकणारा मराठी आहे, त्याने हार्मोनियमवर थोडे हात फिरवलेले आहेत आणि त्याच्या लक्षात जेमतेम दहा स्वरांचा तुकडा राहिला आहे. दोन जवळचे स्वर पुन्हापुन्हा येतात आणि मग चाल एकदम वर उडी घेते. ही चाल आपण कुठल्याशा जुन्या हिंदी गाण्यात ऐकली आहे, असेही त्याला वाटते, पण गाणे आठवत नाही.

आधी नोंद, मग विचार

पहिले काम म्हणजे फोनचा रेकॉर्डर सुरू करून तो तुकडा गुणगुणणे. हे दुसरे कोणतेही संगीत कानावर पडण्यापूर्वी व्हायला हवे. पुढच्या चौकात दुसरा वादक असतो, दुकानात गाणी चालू असतात आणि आठवणीतली कच्ची चाल ओळखीच्या चालीकडे झुकू लागते. सायंकाळपर्यंत थांबलेल्या माणसाने अनेकदा अर्धी ऐकलेली आणि अर्धी स्वतःची अशी मिश्र धून नोंदवलेली असते, आणि ती कुठेच सापडत नाही.

गुणगुणताना ओठ मिटून ‘अं’ करण्याऐवजी ‘ना ना ना’ म्हणावे, म्हणजे प्रत्येक स्वराची सुरुवात स्वच्छ राहते आणि एकाच स्वराचे दोन आघात एकमेकांत मिसळत नाहीत. पहिल्यांदा तुकडा सहज, आठवेल त्या गतीने गावा आणि दुसऱ्यांदा निम्म्या गतीने. तिसऱ्यांदा सूर सोडून नुसत्या टाळ्यांनी लय नोंदवावी. शेवटी दोन वाक्ये बोलून ठेवावीत: वाद्य कोणते होते, सोबत काही वाजत होते का, आणि हा तुकडा धुनेच्या सुरुवातीला आला की मध्येच. हा शेवटचा तपशील बहुतेक जण विसरतात, पण बहुतेक सूच्या धुनेच्या आरंभावरून बनवलेल्या असल्यामुळे पुढच्या शोधात त्याला फार महत्त्व आहे.

लय: शाळेतले गण इथे कामी येतात

सूर बेसूर झाले तरी लय सहसा शाबूत राहते, म्हणून कागदावर आधी लय उतरवावी. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलेखन येण्याची गरज नाही. वृत्ते शिकताना वापरलेली लघु-गुरूची खूण पुरते. आपल्या उदाहरणातल्या टाळ्या ऐकल्या तर दोन आखूड आणि एक लांब, पुन्हा दोन आखूड आणि एक लांब, असा आकृतिबंध दिसतो. ‘यमाताराजभानसलगा’मधला हा ‘सलगा’, म्हणजेच स गण. तो तीनदा येतो, त्यानंतर एक लांब स्वर आणि मग क्षणभर शांतता.

येथे एक बारकावा तपासून घ्यावा. जोर पहिल्या आखूड स्वरावर आहे की लांब स्वरावर? टाळी देताना पाय कुठे आपटतो, ते पाहिले की उत्तर मिळते. या तुकड्यात पाय लांब स्वरावर पडतो, म्हणजे दोन आखूड स्वर समेच्या आधीच सुरू होतात. आपल्याकडे मुखडा समेआधी उचलतात तसाच हा प्रकार आहे. धून ओळखणाऱ्या जाणकाराला हे एवढे सांगितले तरी त्याच्या मनातल्या कितीतरी चाली गळून पडतात.

चढ-उतार अक्षरांत लिहिणे

आता सूर. पण लगेच सरगम लिहायला बसू नये. नवख्या चालीतली नेमकी अंतरे आपण चुकवतो, मात्र स्वर वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, हे बहुधा बरोबर आठवते. डेनिस पार्सन्स यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या धुनांच्या निर्देशिकेत नेमका याचाच उपयोग केला होता. त्यांच्या पद्धतीत पहिल्या स्वरासाठी फक्त तारा काढायचा आणि पुढच्या प्रत्येक स्वरासाठी तो आधीच्या स्वराच्या वर असेल तर U, खाली असेल तर D आणि तोच असेल तर R लिहायचा. स्वराचे नाव, पट्टी, लय यांपैकी काहीच लागत नाही.

आपल्या तुकड्यात पहिला स्वर, मग किंचित खालचा, मग तोच पुन्हा, अशी आवृत्ती तीनदा होते आणि नंतर वर उडी आहे. दहा स्वरांची नऊ अक्षरे होतात:

```
*DRUDRUDRU
```

नऊ अक्षरे पुरेशी आहेत का? प्रत्येक जागी तीन पर्याय धरले, तर पाच अक्षरांचे 243 आकार होतात, नऊ अक्षरांचे 19,683 आणि पंधरा अक्षरांचे 1 कोटी 43 लाखांहून अधिक. प्रत्यक्षात चाली या सगळ्या आकारांत सारख्या विखुरलेल्या नसतात. सरळ चढणारे आणि सरळ उतरणारे आकार फार आढळतात, त्यामुळे नऊ अक्षरांवर हाती बरीच नावे येऊ शकतात. म्हणून रेकॉर्डर पुन्हा लावून पुढचे काही आठवते का, ते पाहावे. बहुधा आठवतेच, कारण लय पक्की झाली की तिच्या ओढीने पुढचे स्वर येतात. आपल्या ऐकणाऱ्यालाही वरच्या उडीनंतरची उतरण आठवली: उडी मारलेला स्वर पुन्हा घेऊन त्याच स-गणाच्या लयीत चाल पायरी-पायरीने खाली येते. आता वीस स्वर झाले आणि एकोणीस अक्षरे:

```
*DRUDRUDRURDDRDDRDDR
```

षड्ज कोणता मानावा

सरगम लिहिताना मराठी ऐकणाऱ्याची एक खास अडचण होते, आणि ती या उदाहरणात अगदी उघड दिसते. तंबोरा नसलेल्या एकट्या वाद्यावर षड्ज कोणता, हे कोणी सांगत नाही. आपण सवयीने पहिल्या किंवा सर्वांत ठळक स्वराला ‘सा’ म्हणतो. तसे केले तर पहिला भाग ‘सा नि नि, सा नि नि, सा नि नि प’ असा येतो आणि उतरण ‘प म॑ ग, ग रे सा, सा नि ध, ध’ अशी. सगळे स्वर शुद्ध आणि मध्यम तीव्र. हे पाहून कोणीही म्हणेल की चाल यमनच्या अंगाची आहे, आणि मग यमनमधली हिंदी गाणी आठवत बसेल. त्यांत ही चाल सापडणार नाही.

चाल ऐकताना मात्र यमनची प्रसन्नता मुळीच जाणवत नाही, तिच्यात बेचैनी आहे. कानाला जाणवणारा भाव आणि कागदावरची सरगम जुळत नसतील, तर बहुतेक वेळा चूक षड्जात असते. अशा वेळी ‘सा’ बदलून पाहावा. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर एकेक पट्टी लावून तोच तुकडा त्यावर गावा आणि कोणत्या आधारस्वरावर चाल घरी आल्यासारखी वाटते, ते ऐकावे. येथे ती पट्टी पहिल्या स्वराच्या चार पांढऱ्या-काळ्या पट्ट्या वर लागते. म्हणजे पहिला स्वर ‘सा’ नसून कोमल धैवत निघतो, आणि सरगम अशी होते: ‘ध॒ प प, ध॒ प प, ध॒ प प ग॒’, त्यातला गांधार वरच्या सप्तकातला, मग ‘ग॒ रे सा, सा नि॒ ध॒, ध॒ प म, म’. गांधार, धैवत आणि निषाद कोमल, म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे स्वर, पाश्चात्त्य परिभाषेत मायनर. बेचैनीचा उलगडा झाला.

षड्जाबद्दल खात्री होत नसेल, तर सरगमचा मोह सोडून हार्मोनियमच्या पट्ट्या मोजाव्यात. एक पट्टी खाली, तीच, एक वर, एक खाली, तीच, एक वर, एक खाली, तीच, आणि शेवटची उडी आठ पट्ट्यांची. अंतरांची ही यादी कोणत्याही षड्जावर अवलंबून नसते, म्हणून ती कधी खोटी पडत नाही. यातली आठ पट्ट्यांची उडी ही चालीची सर्वांत मोठी खूण आहे, कारण इतकी मोठी झेप चालींत क्वचित येते.

शोध कुठे घ्यावा

आता तुकडा तीन रूपांत हाती आहे: आवाजात, अक्षरांत आणि सरगमीत. प्रत्येक रूपासाठी शोधाची वेगळी जागा आहे.

आवाजाची जागा सर्वांत सोपी. गूगलच्या फोनवरील अ‍ॅपमध्ये माइकचे चिन्ह दाबून Search a song हा पर्याय निवडला, की दहा ते पंधरा सेकंद गुणगुणता येते. ही सोय 2020 पासून आहे. ती आवाजाचा पोत बाजूला ठेवून सुरांची चढ-उतार ताडते, म्हणून आपली पट्टी वेगळी असली किंवा गळा थोडा हलला तरी चालते. अडचण येते ती तुकडा फार लहान असतो तेव्हा. वेळ भरून काढण्यासाठी तोच तुकडा चार वेळा गायला, तर ती पुनरावृत्ती चालीचाच भाग समजली जाऊ शकते. त्यापेक्षा आठवते तेवढेच, मूळ गतीला धरून, वाक्याच्या सुरुवातीपासून गावे. उत्तरांची यादी आली तर पहिल्याच नावावर थांबू नये. वेगवेगळ्या भाषांतली गाणी एकाच यादीत आली असतील, तर त्यांचे मूळ एक असण्याची शक्यता मोठी असते.

अक्षरांची जागा म्हणजे musipedia.org. तेथे वर लिहिलेली अक्षरे तशीच टंकता येतात. तिचा साठा प्रामुख्याने पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा आणि लोकधुनांचा आहे. त्यामुळे युरोपातल्या रस्त्यावरच्या व्हायोलिनसाठी ती चांगली आणि आपल्याकडच्या फिल्मी धुनेसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. एक अक्षर चुकल्याचा संशय असेल, तर शंकास्पद अक्षराच्या आधीपर्यंतचाच भाग टंकून पाहावा.

सरगमीची जागा छापील आहे. बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांनी 1948 मध्ये वाद्यसंगीतातल्या सुमारे 10,000 धुनांचा कोश काढला. त्याच्या शेवटी दिलेल्या सूचीत प्रत्येक धून एकाच पट्टीत, म्हणजे C हा षड्ज मानून, अक्षरानुक्रमे लावलेली आहे. सरगम लिहिणाऱ्याला ही पद्धत आपलीच वाटेल, कारण तीही षड्ज स्थिर ठेवते. ‘ध॒ प प ध॒ प प’ हे त्या सूचीत A♭ G G A♭ G G असे पाहायचे. षड्ज चुकीचा धरला असेल, तर मात्र ही वाट बंद होते, आणि पार्सन्सची अक्षरे नेमकी याच कारणासाठी आधी लिहायची असतात.

आपल्या तुकड्याचे उत्तर असे येते: मोत्सार्टची चाळिसावी सिंफनी, जी मायनरमधली, व्हिएन्नातच 1788 च्या जुलैमध्ये पूर्ण झालेली, तिच्या पहिल्या भागाचा आरंभ. व्हायोलिनवादकाने ती का निवडली, हेही यातून कळते. मूळ वाद्यवृंदात ही चाल व्हायोलिन्सच वाजवतात, म्हणून ती एकट्या व्हायोलिनवर जशीच्या तशी उतरते. आणि जुने हिंदी गाणे? ते ‘छाया’ या 1961 च्या चित्रपटातले, तलत महमूद आणि लता मंगेशकर यांनी गायलेले ‘इतना ना मुझ से तू प्यार बढ़ा’. सलील चौधरी यांनी त्याचा मुखडा याच चालीवर बांधला. ऐकणाऱ्याची ओळखीची जाणीव खरी होती, फक्त ती दुसऱ्या दारातून आली होती.

नाव मिळाल्यावर पडताळणी

एकाच चालीची दोन नावे हाती आली, की वादक नेमके काय वाजवत होता, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पहिल्या वाक्यात कधीच मिळत नाही, कारण ते दोन्हीकडे सारखेच असते. पुढचे वाक्य ऐकावे. मोत्सार्टकडे वीस स्वरांनंतर तोच आकृतिबंध एक पायरी खाली उतरून येतो: ‘प म म, प म म, प म म’ आणि उडी रिषभावर. त्यानंतरच्या उतरणीत कोमल निषादाऐवजी शुद्ध निषाद लागतो. हिंदी गाण्याचा अंतरा मात्र स्वतःच्या वाटेने जातो. मूळ मुद्रण लावून हे वाक्य आले की ‘हो, यानंतर हेच होते’ असे आतून वाटले, तर काम झाले. पहिले वाक्य जुळून दुसरे परके वाटले, तर नाव चुकले आहे किंवा वादक दुसरी आवृत्ती वाजवत होता.

पडताळणीत आठवणीवरचा दबावही ओळखता यायला हवा. संशयित धून सलग पाच-सहा वेळा ऐकली, की ती आठवणीतल्या तुकड्याची जागा घेते आणि मग काहीही जुळते. म्हणून तुलना नेहमी पहिल्या रेकॉर्डिंगशी करावी, मनातल्या चालीशी नाही.

बासरीवाल्याची धून वेगळी का पडते

हीच पद्धत पुण्या-मुंबईच्या पुलावर बासऱ्या विकणाऱ्याच्या धुनेला लावली, तर दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण अलंकारांची आहे. बासरीवर बोट अर्धवट उचलून मींड घेतात, स्वराआधी कण लावतात, आणि अक्षरे लिहिणाऱ्याला ते वेगळे स्वर वाटतात. आपल्याच उदाहरणातले ‘ध॒ प प’ एखाद्याने दुसऱ्या पंचमाला धैवताचा कण लावून वाजवले, तर DR च्या जागी DUD लिहिले जाते आणि त्यापुढची सगळी अक्षरे एक घर सरकतात. ज्यावर श्वास किंवा ठेका थांबतो तेवढेच स्वर धरावेत, बाकीचे गाळावेत. शंका असेल तर दोन्ही रूपे लिहून दोन्ही शोधावीत.

दुसरी अडचण अशी, की बासरीवाला पुष्कळदा गाण्याचा मुखडा वाजवतच नाही. तो गाण्याआधीचा किंवा कडव्यांमधला बासरीचा तुकडा वाजवतो, कारण तो मुळात बासरीसाठीच रचलेला असतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘हीरो’ या 1983 च्या चित्रपटातली बासरीची धून याचे ठळक उदाहरण आहे. ती पुष्कळांना येते, पण तिला शब्दच नाहीत. त्यामुळे ‘हे कोणते गाणे’ असे विचारण्याऐवजी ‘हा कोणत्या चित्रपटातला बासरीचा तुकडा’ असे विचारावे. गुणगुणून शोध घेतल्यावर गाण्याचे नाव आले, तर मुखडा जुळत नाही म्हणून ते लगेच टाकू नये. संपूर्ण गाणे, विशेषतः सुरुवातीचे संगीत आणि कडव्यांमधल्या जागा ऐकून मगच ठरवावे. याशिवाय लहान बासरीवर खालचे स्वर मिळाले नाहीत, की वादक ते वरच्या सप्तकात उचलतो आणि मूळच्या उतरणीच्या जागी उडी तयार होते. एखादी सहा-सात पट्ट्यांहून मोठी उडी चालीच्या ओघाला विसंगत वाटली, तर ती जागा सप्तक खाली आणून पुन्हा गाऊन पाहावी.

काही धुनांना नावच नसते. फेरीवाला पहाडी किंवा भूपाच्या स्वरांत सहज फिरत असेल, तर तुकडा पुन्हा तसाच येत नाही. अशा वेळी रागाचे नाव सांगता येते, रचनेचे नाही. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: आठवणीतला तुकडा धुनेत दोनदा तरी जसाच्या तसा आला होता का? आला असेल तर रचना आहे आणि शोध चालू ठेवणे योग्य. एकदाच आला असेल, तर थोडक्या प्रयत्नांनंतर थांबावे.

यंत्रे हरली, तर माणसांकडे जाताना नुसते गुणगुणणे पाठवू नये. रेकॉर्डिंगबरोबर वाद्य, गाव, तुकडा आरंभीचा की मधला, लघु-गुरूची लय आणि सर्वांत मोठी उडी किती पट्ट्यांची, एवढे लिहून पाठवावे. युरोपातल्या व्हायोलिनची धून असेल, तर ती पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवणाऱ्याकडे न्यावी. हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवणाऱ्याचा वाद्यावर हात तितकाच चांगला असला, तरी त्याचे भांडार वेगळे असते. फिल्मी बासरीचा तुकडा वाद्यवृंदात वाजवणाऱ्या बासरीवादकाला ऐकवावा. तो पहिल्या चार स्वरांतच चित्रपट सांगतो.